आठ हर्ट्झचा फिल्टर आणि सोळा बिटांचा हिशेब

मायक्रोकंट्रोलरमध्ये चालणारा नियंत्रक म्हणजे ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा केलेला गुणाकार-बेरजेचा एक छोटा हिशेब. मोटरचा वेग किंवा भट्टीचे तापमान मोजायचे, ताज्या आणि मागच्या काही मोजमापांना ठरलेल्या संख्यांनी गुणायचे, बेरीज करायची आणि येणाऱ्या उत्तराप्रमाणे मोटरला किंवा हीटरला वीज द्यायची. या ठरलेल्या संख्यांना गुणक म्हणतात. नियंत्रकाचा सगळा स्वभाव त्यांच्यात साठवलेला असतो. ते संगणकावर, पंधरा-सोळा अंकांच्या अचूकतेने काढले जातात. चिपमध्ये मात्र ते बहुधा १६ बिटांच्या पूर्णांकांत बसवावे लागतात. या बसवण्यात प्रत्येक गुणक थोडा सरकतो. सरकणे चौथ्या-पाचव्या दशांश स्थानावरचे असते, त्यामुळे ते निरुपद्रवी वाटते. पण काही नियंत्रकांत तेवढ्यानेच शांतपणे स्थिरावणारी यंत्रणा हेलकावे खाऊ लागते, किंवा तिचे उत्तर वाढतच जाते.

असे का होते, हे कळायला ‘पोल’ ही कल्पना लागते. एखाद्या यंत्रणेला धक्का देऊन मोकळे सोडले, तर तो धक्का तिच्यात किती काळ घुमत राहतो हे पोल सांगतो. डिजिटल नियंत्रकात काळ पावलापावलाने पुढे जातो आणि प्रत्येक पावलाला मागे उरलेला परिणाम पोलच्या किमतीने गुणला जातो. पोल ०.९९ असेल तर दर पावलाला एक टक्का परिणाम ओसरतो. पोल नेमका १ असेल तर परिणाम कधीच ओसरत नाही आणि १.०१ असेल तर तो चक्रवाढीने फुगतो. पोल संमिश्र संख्यांची जोडी असेल तर परिणाम हेलकावत ओसरतो किंवा हेलकावत वाढतो. म्हणून अभियंते संमिश्र प्रतलावर एक एकक त्रिज्येचे वर्तुळ काढतात. सगळे पोल या वर्तुळाच्या आत असतील तर यंत्रणा स्थिर. एक जरी बाहेर गेला तर अस्थिर. नेमका वर्तुळावर असला, तर ती काठावर उभी आहे असे समजायचे.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊन त्याच्या अंकांत शिरणे बरे. एक छोटी डीसी मोटर आहे आणि तिचा वेग स्थिर ठेवायचा आहे. वेगमापकाच्या सिग्नलमध्ये खरखर असते, म्हणून मोजलेला वेग नियंत्रकाकडे नेण्याआधी ८ हर्ट्झचा दुसऱ्या कोटीचा बटरवर्थ लो-पास फिल्टर लावायचे ठरते. मोटरला वीज देणाऱ्या पीडब्ल्यूएमचा इंटरप्ट सेकंदाला १०,००० वेळा येतो आणि सोय म्हणून फिल्टरही त्याच इंटरप्टमध्ये टाकला जातो. अशा कोडमध्ये हे नेहमी दिसते आणि पुढच्या सगळ्या त्रासाचे मूळही बहुतेक वेळा तिथेच असते. फिल्टरचे समीकरण असे:

```
y[n] = b0*x[n] + b1*x[n-1] + b2*x[n-2] - a1*y[n-1] - a2*y[n-2]
```

यातले `b` गुणक नव्या मोजमापांना लागतात, तर `a1` आणि `a2` फिल्टरच्या स्वतःच्या जुन्या उत्तरांना. पोल ठरतात ते या शेवटच्या दोघांवरून: `z² + a1·z + a2` या वर्गबहुपदीची मुळे म्हणजेच पोल. संगणक या फिल्टरसाठी `a1 = -1.99289142` आणि `a2 = 0.99291659` असे उत्तर देतो. दोन्ही पोल १ या बिंदूला अगदी चिकटून असतात. त्यांचे १ पासूनचे अंतर सुमारे ०.००५ भरते. त्यात नवल काही नाही. ८ हर्ट्झचे हेलकावे हे १०,००० हर्ट्झच्या पावलांच्या मानाने फार संथ असतात. एका पावलात जवळजवळ काहीच बदलत नाही, म्हणून प्रत्येक पावलाचा गुणाकार जवळजवळ १ ने होतो.

१६ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात −३२,७६८ ते ३२,७६७ एवढ्या संख्या मावतात. `a1` हा दोनच्या जवळ असल्याने या पल्ल्यात −२ ते २ बसवावे लागते, म्हणजे प्रत्यक्ष गुणकाला १६,३८४ ने गुणून जवळचा पूर्णांक घ्यायचा. ही मांडणी Q14 नावाने ओळखली जाते. तिच्यातली एक पायरी ०.००००६१ एवढी, दोन पायऱ्यांमधली कोणतीही संख्या साठवता येत नाही. जवळच्या पायरीवर बसवण्याच्या या कृतीलाच क्वांटायझेशन म्हणतात. उदाहरणातला `a1` १६,३८४ ने गुणल्यावर −३२,६५१.५३ येतो, तो −३२,६५२ झाला. `a2` १६,२६७.९५ येतो, तो १६,२६८ झाला. दोन्हींत अर्ध्या पायरीहूनही कमी फरक पडला. टक्केवारीत सांगायचे तर एका टक्क्याच्या हजारात एक-दोन भाग. वरवर पाहता कोणीही अभियंता हे चालवून घेईल.

आणि इथेच फसगत होते. पोल १ पासून किती दूर आहेत हे पाहायला बहुपदीत `z` च्या जागी १ ठेवावे. मिळते `1 + a1 + a2`. बीजगणिताच्या साध्या नियमाने ही बेरीज दोन्ही पोलांच्या १ पासूनच्या अंतरांच्या गुणाकाराएवढी असते. अंतरे ०.००५ च्या घरातली, म्हणून गुणाकार ०.००००२५. फिल्टर ८ हर्ट्झचा आहे की ८० चा, हे या एका चिमुकल्या संख्येत दडलेले असते. ती मिळते कशी, तर १, १.९९ आणि ०.९९ अशा मोठ्या संख्यांच्या वजाबाकीतून. वजाबाकीत मोठे अंक एकमेकांना खाऊन टाकतात आणि तळाशी उरतो तो हा गाळ. Q14 मध्ये त्याचे माप किती? ०.४१ पायरी. म्हणजे एका पायरीचा अर्धासुद्धा नाही. किराणा दुकानात सर्वांत लहान वजन ५० ग्रॅमचे असेल आणि गिऱ्हाईक २० ग्रॅम जिरे मागत असेल, तर दुकानदार एक तर शून्य देईल किंवा पन्नास. मायक्रोकंट्रोलरचीही तीच गत होते:

```
long a1 = lround(-1.99289142 * 16384);  /* -32652 */
long a2 = lround( 0.99291659 * 16384);  /*  16268 */
long d1 = 16384 + a1 + a2;              /*      0 */
```

बेरीज शून्य आली. अंतरांचा गुणाकार शून्य म्हणजे एक पोल नेमका १ वर जाऊन बसला. दुसरा वास्तव अक्षावर ०.९९२९ ला आला. संमिश्र जोडी मोडली, बटरवर्थ हा आकार संपला आणि चिपमध्ये जे उरले ते फिल्टर नसून इंटिग्रेटर आहे: येणाऱ्या सिग्नलची अखंड बेरीज करत जाणारे यंत्र.

रूपांतराची पद्धत बदलून पाहिली तरी सुटका नाही. सी भाषेत `(int16_t)` असा थेट कास्ट केला तर दशांश भाग शून्याच्या दिशेने कापला जातो. मग गुणक −३२,६५१ आणि १६,२६७ होतात, बेरीज पुन्हा शून्यच. गुणक आधी ३२ बिटांत ठेवून उजवीकडे सरकवले, तर कापणे खालच्या दिशेने होते: −३२,६५२ आणि १६,२६७. आता बेरीज उणे एक येते. तिचा अर्थ असा की एक पोल १ च्या पलीकडे गेला. हिशेब केला तर तो १.००५ ला सापडतो. दर पावलाला अर्धा टक्का वाढ ऐकायला किरकोळ वाटते, पण पावले सेकंदाला दहा हजार आहेत. सिग्नल नसतानासुद्धा आतली कोणतीही खरखर दर १४ मिलिसेकंदांनी दुप्पट होत जाते. एकच कागदावरचा आराखडा, तीन नेहमीच्या पद्धती आणि त्यांतली एकही स्थिर फिल्टर देत नाही.

कार्यशाळेच्या टेबलावर हे कसे दिसते, तेही पाहण्यासारखे आहे. पहिला अनुभव बहुधा पूर्ण शांततेचा असतो. `b` गुणक याहून लहान असतात. त्यांतला सर्वांत मोठा ०.००००१२६, म्हणजे Q14 च्या एका पायरीचा पाचवा भाग. तिन्ही शून्य होतात आणि फिल्टरमधून काहीच बाहेर पडत नाही. ही चूक लगेच सापडते, कारण ती लपत नाही. `b` गुणकांना वेगळे, मोठे माप देऊन ते जिवंत केले जातात, आतल्या बेरजा ३२ बिटांत ठेवल्या जातात आणि मग खरी गंमत सुरू होते. मोटर दुसऱ्या साधनाने मिनिटाला १,००० फेऱ्यांवर स्थिर फिरवली आणि डीबगरमध्ये फिल्टरचे उत्तर पाहिले, तर ते हजारावर थांबायला हवे. ते ४१-४२ मिलिसेकंदांत हजारावर पोचते आणि थेट पुढे जाते. सेकंदाला सुमारे ३५,००० अशा चढाने वाढत राहते. उत्तर १६ बिटांच्या चलात घेतले असेल तर एक सेकंद पूर्ण होण्याआधी ३२,७६७ ची मर्यादा ओलांडते आणि एका क्षणात मोठ्या उणे संख्येवर कोसळते.

हाच फिल्टर वेग-नियंत्रणाच्या बंद साखळीत असेल तर लक्षण अधिक चमत्कारिक होते. वेगाची अखंड बेरीज म्हणजे मोटर एकूण किती फिरली ते. आतल्या नियंत्रकाला वाटते आपण वेग पाहतो आहोत. प्रत्यक्षात तो मोटरच्या दांड्याची जागा पाहत असतो. हजारचा आदेश मिळाला की मोटर सुसाट निघते, फिल्टरचे उत्तर हजारावर पोचून पुढे सरकते, नियंत्रक तिला मागे खेचतो, ती उलटी फिरते, उत्तर हजाराच्या खाली येते, पुन्हा पुढे. मोटर पुढे-मागे हेलकावत राहते. अनुभवी माणूससुद्धा अशा वेळी आधी नियंत्रकाचे गेन कमी करतो. ते पुरेसे कमी केले तर हेलकावे शमतातही, पण मग मोटर चक्क थांबलेली असते आणि पडद्यावर ‘गाळलेला वेग’ म्हणून हजार दिसत असतो. इंटिग्रेटरचे उत्तर स्थिर राहण्याची अटच त्याच्याकडे येणारा सिग्नल शून्य असणे ही आहे. या साखळीला समतोल सापडतो तो फक्त उभ्या मोटरवर.

या दोषाची ओळख इतर दोषांपासून वेगळी करता येते. बेरीज मर्यादेबाहेर गेल्याने होणारा दोष सिग्नल मोठा असतानाच दिसतो. सिग्नल लहान केला की जातो. गुणाकारांची उत्तरे कापल्यामुळे होणारी खरखर उलट लहान सिग्नलमध्ये जास्त जाणवते. ढिल्या जोडणीचा किंवा बिघडलेल्या सेन्सरचा दोष बोर्डागणिक बदलतो. गुणकांच्या क्वांटायझेशनचा दोष मात्र सिग्नल अर्धा केला तर नेमका अर्ध्या मापात तसाच दिसतो. तो प्रत्येक बोर्डावर, दर वेळी, अंकाला अंक जुळवून तोच येतो, कारण चुकीचा फिल्टर अगदी बिनचूक चालत असतो. आणि संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये तो दिसत नाही, कारण तिथे मूळ, न सरकलेले गुणक वापरलेले असतात.

या सगळ्यामागची भूमिती अशी. सोळा बिटांत `a1` आणि `a2` यांच्या ज्या जोड्या शक्य आहेत, त्या प्रत्येकीचे पोल संमिश्र प्रतलावर ठिपक्यांनी मांडले तर एक जाळी तयार होते. गुणकांच्या पायऱ्या समान असल्या तरी ही जाळी समान विणीची नसते. `a1` पोलांच्या जोडीचे वास्तव स्थान ठरवतो, `a2` त्यांच्या मूळबिंदूपासूनच्या अंतराचा वर्ग ठरवतो. त्यामुळे संमिश्र पोलांचे ठिपके उभ्या रेषा आणि एककेंद्री वर्तुळे जिथे छेदतात तिथे पडतात. वर्तुळाच्या माथ्याजवळ रेषा आणि वर्तुळे काटकोनात छेदतात, तिथे ठिपके दाट. वास्तव अक्षाजवळ, म्हणजे १ आणि −१ च्या आसपास, वर्तुळे आणि रेषा जवळजवळ समांतर धावतात आणि ठिपके विरळ होतात. संथ फिल्टरचे पोल नेमके या विरळ कोपऱ्यात हवे असतात.

विरळपणा किती, हेही त्या गुणाकारावरूनच निघते. अंतरांचा गुणाकार कमीत कमी एक पायरी, म्हणजे ०.००००६१ असू शकतो. म्हणून प्रत्येक अंतर त्याच्या वर्गमुळाएवढे, ०.००७८. गुणकात एका पायरीचा फरक पडला तर पोल एका पायरीने नव्हे, सव्वाशेपटीहून जास्त सरकतो. १०,००० हर्ट्झच्या सॅम्पलिंगला हे अंतर १२.४ हर्ट्झशी जुळते. म्हणजे Q14 मधल्या या रचनेत संमिश्र पोलांचा सर्वांत संथ स्थिर फिल्टर १२.४ हर्ट्झचा, त्यानंतरचा थेट १७.६ चा, मग २१.५ चा. ८ हर्ट्झ या यादीत नाहीच. कोणी हाताने `a1` एका पायरीने हलवून −३२,६५१ केला तर बेरीज एक येते आणि फिल्टर स्थिर होतो, पण तो १२.४ हर्ट्झचा असतो आणि त्याचे अवमंदन ०.७१ ऐवजी ०.४६ असते. वेगात एकदम बदल झाला की असा फिल्टर सुमारे वीस टक्के पुढे जाऊन परत येतो. मूळ आराखड्यात हे प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास होते.

फिल्टर एकटा स्थिर राहिला म्हणजे काम झाले असेही नाही. बंद साखळीचे पोल वेगळे असतात. ते फिल्टर, नियंत्रक आणि मोटर या तिघांवरून ठरतात. एखादी साखळी मुळातच काठाजवळ आखलेली असेल तर नियंत्रकाचे स्वतःचे पोल वर्तुळाच्या आत राहूनही साखळीचा पोल बाहेर पडू शकतो. कील आणि भट्टाचार्य यांनी १९९७ साली दाखवले की यंत्रणेतले बदल सोसावेत म्हणून मुद्दाम आखलेले काही नामांकित ‘ऑप्टिमल’ नियंत्रक स्वतःच्या गुणकांतला अगदी बारीक बदल मात्र सोसू शकत नाहीत. म्हणून सरकलेले गुणक घालून संपूर्ण साखळीचे पोल पुन्हा काढणे हीच खरी चाचणी ठरते.

कोटी वाढली की प्रकरण झपाट्याने हाताबाहेर जाते. ब्रिटनचे गणिती जेम्स विल्किन्सन यांचे उदाहरण यासाठी प्रसिद्ध आहे. ज्याची मुळे १, २, ३ असे करत २० पर्यंत आहेत असे विसाव्या घाताचे बहुपद घ्यायचे. त्यात एकोणिसाव्या घाताचा गुणक −२१० असतो. त्यात एक कोटीत एखाद्या भागाएवढा, नेमके सांगायचे तर `2^-23` एवढा बदल केला, की वीसपैकी दहा मुळे वास्तव राहत नाहीत, संमिश्र होतात. त्या मुळांत एकेकाचे अंतर तरी होते. संथ फिल्टरचे पोल तर एकमेकांना खेटून बसलेले असतात. बेल लॅब्सचे जेम्स कायझर यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यावर डिजिटल फिल्टरांसाठी हीच गोष्ट मांडली आणि मोठ्या कोटीचा फिल्टर एका लांबलचक समीकरणात लिहू नये, दुसऱ्या कोटीच्या तुकड्यांत तोडावा, हा शिरस्ता पक्का झाला. आजही SciPy च्या `butter` ला `output='sos'` असे सांगितले की ते हे तुकडेच देते. पण उदाहरणातला फिल्टर आधीच दुसऱ्या कोटीचा आहे. त्याला तोडून काही मिळत नाही.

त्याच्यासाठी सर्वांत स्वस्त उपाय सॅम्पलिंग कमी करण्याचा. वेगाचा फिल्टर सेकंदाला दहा हजार वेळा चालवण्याचे काही कारणच नव्हते. इंटरप्टमध्ये वीस मोजमापांची सरासरी घ्यायची आणि फिल्टर ५०० हर्ट्झने चालवायचा. सरासरी न घेता नुसते दर विसावे मोजमाप उचलले तर वरच्या पट्ट्यातली खरखर खाली उतरून वेगात मिसळते, म्हणून ती पायरी गाळू नये. आता ८ हर्ट्झचा तोच फिल्टर मोजला तर `1 + a1 + a2` येते ०.००९४३, म्हणजे Q14 च्या १५४ पायऱ्या. पूर्णांक करताना एखादी पायरी इकडेतिकडे झाली तरी फिल्टरची वारंवारता एका टक्क्याच्या तृतीयांशाने सरकेल. सोळा बिट तेच, चिप तीच. मोबदल्यात सरासरीमुळे एखाद्या मिलिसेकंदाचा आणि कमी सॅम्पलिंगमुळे आणखी तेवढाच विलंब येतो. ८ हर्ट्झच्या कामात तो सोसता येतो, वेगवान विद्युतप्रवाह-साखळीत सोसता आला नसता.

सॅम्पलिंग कमी करणे शक्य नसेल तर गुणकांना ३२ बिट द्यावेत. Q30 मांडणीत तीच चिमुकली संख्या २७,००० पायऱ्यांची होते आणि प्रश्न संपतो. किंमत मोजावी लागते ती वेळेत. कॉर्टेक्स-एम३ आणि एम४ मध्ये ३२ बिटांच्या दोन संख्यांचा ६४ बिटांचा गुणाकार करणारी `SMULL` ही आज्ञा आहे. कॉर्टेक्स-एम० मध्ये ती नाही. तिथे गुणाकार तुकड्यातुकड्याने करावा लागतो आणि १०० मायक्रोसेकंदांच्या पावलात तो खर्च जाणवतो.

तिसरा उपाय सर्वांत देखणा आहे, कारण तो रोगाच्या मुळाशी जातो. मोठ्या संख्यांच्या वजाबाकीत चिमुकली संख्या हरवत असेल, तर ती थेट का साठवू नये? ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल विद्यापीठाचे मिडलटन आणि गुडविन यांनी १९८० च्या दशकात पुढे आणलेली डेल्टा मांडणी हेच करते. तीत मागच्या उत्तराला १.९९ ने गुणण्याऐवजी उत्तरात या पावलाला किती भर पडायची एवढेच मोजले जाते. उदाहरणातला फिल्टर असा होतो:

```
dv = d * (x - y) - c * v;
y  = y + v;
v  = v + dv;
```

इथे `c` म्हणजे `2 + a1`, ०.००७१०८६, आणि `d` म्हणजे `1 + a1 + a2`, ०.००००२५१७७. दोन्ही लहान असल्याने प्रत्येकाला त्याच्या मापाने फुगवता येते: `c` ला `2^22` ने गुणून २९,८१६ आणि `d` ला `2^30` ने गुणून २७,०३३. दोन्ही सोळा बिटांत आरामात मावतात आणि प्रत्येकातली चूक हजारात एका भागाच्याही कितीतरी खाली राहते. पोल होते तिथेच राहतात. वर आणखी एक लाभ पदरात पडतो: `d` चा गुणाकार थेट `x - y` शी असल्याने सिग्नल स्थिर असेल तर उत्तर बरोबर त्यावरच थांबते, `d` थोडा चुकला तरीही. मूळ बटरवर्थच्या अंशातला आकार या तीन ओळींत नाही, पण ८ हर्ट्झच्या आसपास त्याने काही फरक पडत नाही. `y` आणि `v` मात्र ३२ बिटांतच ठेवावे लागतात, कारण दर पावलाची भर फार बारीक असते; ती कापली गेली तर फिल्टर अर्ध्या वाटेत अडकून बसतो. ओळींचा क्रमही बदलायचा नाही. `v` आधी बदलून मग `y` मध्ये मिळवला तर बहुपदी वेगळी होते आणि `c` नव्याने काढावा लागतो.

कोणताही मार्ग निवडला तरी तपासणी एकच आणि सोपी आहे. संगणकाने दिलेले गुणक बाजूला ठेवावेत आणि चिपमध्ये प्रत्यक्ष जाणारे पूर्णांक घ्यावेत. Q14 मधल्या दुसऱ्या कोटीच्या तुकड्यासाठी तीन अटी पुरतात: `a2` हा १६,३८४ पेक्षा लहान असावा, `16384 + a1 + a2` शून्याहून मोठे असावे आणि `16384 - a1 + a2` हेही शून्याहून मोठे असावे. पूर्णांकांची ही बेरीज अचूक असते, तिच्यात गोलाकाराची भानगड नाही. पण तेवढ्यावर थांबू नये. मधली बेरीज १, २ किंवा ३ अशी एकेरी आकड्यात आली, तर फिल्टर स्थिर असूनही तो मागितलेला फिल्टर नाही, असे खुशाल समजावे. ती शंभराच्या पुढे असेल तर निर्धास्त राहता येते. ही तपासणी कोड बांधतानाच आपोआप चालेल अशी ठेवली तर बरे, कारण सहा महिन्यांनी कोणीतरी ८ हर्ट्झचे ५ करते आणि तेव्हा हा सगळा हिशेब कोणाच्या लक्षात नसतो.

फ्लोटिंग-पॉइंट असलेली चिप घेतली की हा विषय मिटतो, असा समज पसरलेला आहे. ८ हर्ट्झपुरता तो खरा आहे. कॉर्टेक्स-एम४ च्या ३२ बिटी फ्लोटिंग-पॉइंट एककात १ ते २ या पट्ट्यातली पायरी सुमारे ०.००००००१२ असते, म्हणजे उदाहरणातली ०.००००२५ ही संख्या दोनशेहून अधिक पायऱ्यांची होते. पण त्याच १०,००० हर्ट्झच्या इंटरप्टमध्ये कोणी ०.१ हर्ट्झचा फिल्टर नेहमीच्या रचनेत टाकला, तर लागणारी संख्या ०.००००००००४ च्या घरातली असते, एका पायरीचा तिसावा भाग. आणि फ्लोटिंग-पॉइंट चिपमध्येही तो पोल पुन्हा १ वर जाऊन बसू शकतो.